लेहला निघताना अर्धी गोळी

दिल्लीहून सकाळचं विमान पकडलं की दीडेक तासात माणूस लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटर उंचीवर पोहोचतो. तिथे हवेचा दाब इतका कमी, की प्रत्येक श्वासातून समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. मग श्वास वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो. रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो, माणूस दचकून उठतो आणि सकाळी डोकं ठणकतं.

मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट टाकून हा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे औषधाच्या दुकानातली ‘डायमॉक्स’, हेच काम लवकर करवून घेते. मूत्रपिंडातलं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर ती रोखते. बायकार्बोनेट बाहेर जातं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वासाचा लगाम सुटतो. लघवी जास्त होते, पण गुण येतो तो श्वासामुळे. हेच विकर डोळ्यातलं पाणी तयार करायलाही लागतं, म्हणून काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवायला हीच गोळी देतात.

मोठ्या माणसाला प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० ची अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ देतात. ती निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून लेहला पोहोचल्यावर दोन दिवस चालू ठेवतात. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते. त्याने घाबरू नये. सल्फाची तीव्र अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

आता समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांनी गोळी घेतली नाही आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला गाठला. संध्याकाळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. इथवर विश्रांती पुरते, फक्त आणखी वर जायचं नाही. पण रात्री ते असंबद्ध बोलू लागले, आणि टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितल्यावर झोकांड्या गेल्या, तर मेंदूला सूज येते आहे असंच धरावं. आता डायमॉक्सवर विसंबणं घातक आहे. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि लगेच खाली उतरवणं, हाच उपचार.

डोक्याला मार लागून कवटीतला दाब वाढला की इस्पितळात मॅनिटॉल देतात. ही साखरेच्या जातीची अल्कोहोल शिरेतून रक्तात जाते आणि मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेते. साठ किलोच्या माणसाला अर्धा ग्रॅम प्रतिकिलोने २० टक्क्यांचं १५० मिलिलिटर द्रावण लागतं. मात्र त्याने रक्ताचं आकारमान एकदम वाढतं. दुबळं हृदय किंवा निकामी मूत्रपिंडांना ते झेपत नाही. थंडीत बाटलीत त्याचे स्फटिक धरतात, ते कोमट करून विरघळवल्याशिवाय देता येत नाही. डोंगरावर त्याचा भरवसा धरण्यासारखा नाही.

म्हणून लेहला पहिले दोन दिवस कुठेही न जाता काढा, आणि सोबतच्या कुणाचा तोल जाताना दिसला तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली न्या.