अडतीस सेकंद पुढचं घड्याळ

दुकानाच्या ऑर्डरी दोन सर्व्हरवर नोंदल्या जातात, आणि दर पाच मिनिटांनी एक प्रोग्राम नव्या नोंदी उचलून हिशेबाच्या डेटाबेसमध्ये टाकतो. कुठपर्यंत उचललं, हे लक्षात ठेवायला तो सर्वांत उशिराची वेळ खूण म्हणून जपतो. या खुणेला वॉटरमार्क म्हणतात. पुढच्या फेरीत त्याचा प्रश्न एवढाच असतो:

```
SELECT * FROM orders
WHERE updated_at > '10:05:38';
```

आता समजा, खरी वेळ १०:०५:०० आहे, पण पहिल्या सर्व्हरचं घड्याळ ३८ सेकंद पुढे आहे. त्याने नुकत्याच आलेल्या ऑर्डरवर १०:०५:३८ असा शिक्का मारला, आणि वॉटरमार्क तिथे जाऊन बसला. वीस सेकंदांनी दुसऱ्या, अचूक सर्व्हरवर ऑर्डर आली. तिची वेळ १०:०५:२०. १०:१० च्या फेरीत ही ऑर्डर खुणेच्या अलीकडची ठरते आणि कधीच उचलली जात नाही. कुठेही एरर येत नाही, हाच या दुखण्याचा खरा त्रास. विक्री आणि हिशेब यांतल्या नोंदी तासागणिक मोजून पाहिल्या, तरच तूट दिसते. आणि हरवलेल्या नोंदी प्रत्येक फेरीनंतरच्या काही सेकंदांतल्याच असतील, तर संशय घड्याळावरच घ्यावा.

३८ सेकंदांचा फरक पडायला सर्व्हर बिघडलेला असावा लागत नाही. आतला क्वार्ट्‌झचा स्फटिक तापमानाप्रमाणे आणि वयाप्रमाणे थोडा पुढेमागे चालतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. दुरुस्ती झाली नाही, तर जेमतेम तीन आठवड्यांत एवढी तफावत साचते.

यावरचा उपाय डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला एनटीपी. त्याचं पहिलं प्रमाणपत्रक १९८५ सालचं. आपला सर्व्हर वेळ विचारतो आणि प्रश्न निघाल्याची वेळ टिपतो. समोरचा प्रश्न पोचल्याची आणि उत्तर धाडल्याची वेळ सांगतो. उत्तर हाती आल्याची वेळ आपण टिपतो. या चार वेळांवरून तफावत काढता येते, मात्र जायला-यायला सारखाच वेळ लागतो असं धरून. रस्ता एकीकडे तुंबला असेल, तर उत्तरातही जाण्या-येण्याच्या वेळांतल्या फरकाच्या निम्मी खोट राहते. भारतात सीईआरटी-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावी लागतात.

दुरुस्ती करताना घड्याळ एकदम मागे ओढलं, तर तीच वेळ दोनदा येते आणि नवा घोटाळा होतो. म्हणून लिनक्सवरचा क्रोनी हा प्रोग्राम सहसा घड्याळाची गती किंचित कमीजास्त करतो. सर्व्हर नुकताच सुरू झालेला असताना मात्र उडी चालते, म्हणून नियम असा:

```
makestep 1.0 3
```

तफावत एका सेकंदाहून जास्त असेल, तर पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी. `chronyc tracking` दिलं की घड्याळ किती पुढेमागे आहे ते कळतं. हा आकडा वाढला तर इशारा मिळेल, अशी सोय करावी.

तरीही घड्याळं जुळली म्हणजे काम संपलं नाही. १०:०४:५० चा शिक्का असलेला व्यवहार १०:०५:१० ला पक्का झाला, तर तोही निसटतो. म्हणून जाणते लोक दर फेरीला खुणेच्या दोनचार मिनिटं मागूनच वाचायला घेतात, आणि तीच नोंद पुन्हा आली तर ऑर्डर क्रमांक पाहून नवी न घालता जुनीच अद्ययावत करतात.