गच्चीपर्यंत चढणारे तेल

खोल्या चार, युनिटेही चार, पण बाहेरचे यंत्र एकच आणि तेही गच्चीवर. अशा मल्टी-स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्यांतून गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. ते कॉम्प्रेसरचे वंगण. गॅससोबत निसटलेले हे तेल फेरी पुरी करून परत आले नाही, तर कॉम्प्रेसर कोरडा पडतो. यंत्र खोल्यांच्या खाली असेल तर परतीच्या नळीतून तेल सहज उतरते. गच्चीवर असेल तर त्याला उभी नळी चढावी लागते.

ते चढते गॅसच्या वेगामुळे. धावत्या गाडीच्या काचेवरचे पावसाचे थेंब वाऱ्याने वर सरकतात, तसा नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेला तेलाचा थर गॅस वर ढकलतो. उभ्या नळीत त्यासाठी सेकंदाला साधारण ५ मीटर वेग हवा, असा ठोकताळा आहे.

आता २० मीटर उंचीचे, १० किलोवॅटचे, म्हणजे सुमारे पावणेतीन टनांचे यंत्र घ्या. त्यात आर-४१०ए गॅस आहे. परतीची नळी पाच सूत असेल, तर पूर्ण भाराला गॅसचा वेग सुमारे १२ मीटर येतो. 'मोठी नळी बरी' म्हणून कोणी सात सूत टाकली, तर तोच वेग ६ मीटरच्या आत येतो. मोठ्या नळीत दाब कमी घटतो, म्हणून गारवा किंचित जास्त मिळतो, हे खरे. पण रात्री एकाच बेडरूमचा एसी चालू असतो. भार चौथाईवर आला की पाच सुतात वेग ३ मीटर उरतो, सात सुतात जेमतेम दीड.

म्हणजे रात्री योग्य नळीतही तेल मागे राहते. म्हणूनच अशी अनेक यंत्रे ठरावीक वेळाने काही मिनिटे कॉम्प्रेसर जोरात फिरवतात आणि बंद खोल्यांचे व्हॉल्व्हही उघडून साचलेले तेल ओढून आणतात. बंद युनिटातून मध्येच येणारी सळसळ बहुधा हीच. तो बिघाड नव्हे. सात सुतात मात्र पूर्ण जोर लावूनही वेग काठावरच राहतो, आणि तेल पुरते निघत नाही.

मग कॉम्प्रेसर तापतो, खडखडतो, जास्त करंट घेतो. अशा वेळी वरून तेल ओतण्याचा मोह घातक आहे. जुने तेल नळीतच असते. भार वाढला की ते एकदम येते आणि कॉम्प्रेसरवर आदळते.

उभ्या नळीच्या तळाशी आणि मध्ये मध्ये तेलासाठी वळसा घालण्याची पद्धत जुनी आहे. पण मल्टी-स्प्लिटमध्ये काही कंपन्या ती सांगतात, काही स्पष्ट मना करतात, म्हणून त्या मॉडेलचे मॅन्युअल बघूनच ठरवावे. अंतर फार असल्यामुळे नळी वाढवायचीच असेल आणि मॅन्युअल तशी मुभा देत असेल, तर आडवा भाग वाढवावा, उभा तसाच ठेवावा. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी नळीचे सूत मोजून मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून घ्या. नंतर ती बदलायची तर भिंत फोडावी लागते.