रोज दोन तास ड्रिप? पिकाला नेमकं किती पाणी लागतं, याचं साधं गणित

उन्हाळी टोमॅटो लावलेल्या कुणालाही विचारा, "पाणी किती देता?" उत्तर बहुतेक वेळा तासांत येतं. "रोज दोन तास ड्रिप चालू असतं."

आता हे दोन तास आले कुठून? शेजारी दोन तास देतो म्हणून, लाईट तेवढीच असते म्हणून, किंवा गेल्या वर्षी तेवढं दिलं होतं म्हणून. पण जानेवारीत वीतभर असलेलं रोप आणि एप्रिलमध्ये फळांनी लगडलेलं झाड, दोघांना सारखंच पाणी कसं पुरेल?

याचं उत्तर काढायची एक पद्धत आहे आणि ती जगभर वापरली जाते. नाव ऐकायला जड आहे, पण गणित मात्र एका गुणाकाराचं आहे.

सुरुवात दोरीवरच्या कपड्यांपासून

पिकाला दिलेल्या पाण्यापैकी अगदी थोडं पाणी झाडाच्या अंगात राहतं. बाकीचं हवेत जातं. त्यातलं काही मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडतं, तर काही मुळांतून वर चढून पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतं. या दोन्हींना मिळून बाष्पोत्सर्जन म्हणतात. शेतातून जेवढं पाणी असं उडून गेलं, तेवढंच आपल्याला भरून द्यायचं असतं.

मग रोज किती उडतं? इथे दोरीवरचे कपडे आठवा. ते लवकर वाळतात ते चार गोष्टींमुळे: ऊन, तापमान, वारा आणि हवेतला कोरडेपणा. म्हणूनच तापमान सारखं असलं तरी सोलापुरात कपडे झटकन वाळतात आणि रत्नागिरीच्या दमट हवेत रेंगाळतात. शेतातल्या पाण्याचंही तसंच आहे. हवेला किती तहान लागली आहे, हे या चार गोष्टी ठरवतात.

हवेची तहान मोजायची कशी?

प्रत्येक पिकासाठी, प्रत्येक गावात, प्रत्येक दिवशी वेगळं मोजमाप करणं शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. एकच पीक प्रमाण म्हणून धरायचं आणि त्यातून किती पाणी उडेल ते हवामानावरून काढायचं. हे प्रमाण पीक म्हणजे गवत.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९९८ साली ५६ क्रमांकाची एक पुस्तिका काढली. त्यात या गवताची व्याख्या पक्की केली आहे: १२ सेंटिमीटर उंच, जमीन पूर्ण झाकणारं, जोमदार वाढणारं आणि पाण्याची कधीच टंचाई नसलेलं. अशा गवतातून एका दिवसात जेवढं पाणी उडेल, त्याला संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणतात. ते ET0 असं लिहितात आणि पावसासारखंच मिलिमीटरमध्ये मोजतात. ते काढायचं सूत्र पेनमन-मॉन्टिथ या नावाने ओळखलं जातं आणि त्यात वर सांगितलेल्या चारही गोष्टी येतात.

सूत्र लांबलचक आहे, पण ते हाताने सोडवायची गरज नाही. एफएओचं क्रॉपवॅट हे संगणकावरचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्यूलर' ही मोबाइल ॲप याच कामासाठी आहेत.

मिलिमीटर म्हणजे नक्की किती पाणी, हे मात्र लक्षात ठेवा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर. एका एकरावर तेच ४,०४७ लिटर होतं.

गवत ते टोमॅटो: पीक गुणांक

पण आपण गवत लावलेलं नाही, टोमॅटो लावला आहे. मग गवताच्या आकड्यावरून टोमॅटोचा आकडा काढण्यासाठी एक गुणक वापरतात. त्याला पीक गुणांक किंवा Kc म्हणतात.

```
ETc = Kc × ET0
```

ETc म्हणजे आपल्या पिकाची त्या दिवसाची पाण्याची गरज. गुणांक १ असेल तर पीक गवताएवढंच पाणी उडवतं. १ पेक्षा कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त.

हा गुणांक पिकाच्या वयाप्रमाणे बदलतो. एफएओच्या तक्त्यात टोमॅटोला सुरुवातीला ०.६ गुणांक दिला आहे, कारण रोप लहान असतं आणि बरीचशी जमीन उघडी असते. झाडं भरली, फुलं-फळं धरली की तो १.१५ वर जातो. झाड गवतापेक्षा उंच आणि खडबडीत असल्याने वारा त्याच्यातून खेळतो, म्हणून गवतापेक्षाही जास्त पाणी उडतं. शेवटी पानं जून होतात आणि गुणांक ०.७ ते ०.९ पर्यंत उतरतो. मधल्या वाढीच्या काळात तो एकदम उडी मारत नाही, रोज थोडा थोडा चढतो. म्हणजे ०.६ वरून १.१५ वर जायला ४० दिवस लागत असतील, तर विसाव्या दिवशी तो साधारण ०.८८ धरायचा.

आता एक एकर टोमॅटोचा हिशोब करू

समजा, जानेवारीच्या मध्यात एक एकर टोमॅटो लावला. दोन नळ्यांमधलं अंतर दीड मीटर, दोन ड्रीपरमधलं ४० सेंटिमीटर आणि ड्रीपर ताशी २ लिटरचा. अशा एकरात सुमारे ६,७४५ ड्रीपर बसतात, म्हणजे ड्रिप तासाला साधारण १३,५०० लिटर पाणी देतं. दिलेल्या पाण्यापैकी ९० टक्के पिकाच्या कामी येतं असं धरू. त्या त्या वेळचा ET0 काय होता, तेही समजून चालू.

जानेवारीअखेर ET0 ४ मिलिमीटर आहे. ४ × ०.६ = २.४ मिलिमीटर. एकराला ९,७०० लिटर झाले. ९० टक्क्यांचा हिशोब धरला तर १०,८०० लिटर द्यावे लागतील. म्हणजे ड्रिप ४८ मिनिटं.

एप्रिलच्या सुरुवातीला ET0 ६.५ झाला आणि झाडं ऐन फळात आहेत. ६.५ × १.१५ = साधारण ७.५ मिलिमीटर. द्यायचं पाणी सुमारे ३३,७०० लिटर. म्हणजे ड्रिप अडीच तास.

मेच्या मध्यात ऊन आणखी वाढलं, ET0 ७ वर गेला. पण पीक संपत आलंय, गुणांक ०.८ आहे. ७ × ०.८ = ५.६ मिलिमीटर. द्यायचं पाणी सुमारे २५,२०० लिटर. म्हणजे पावणेदोन तासांपेक्षा थोडं जास्त. ऊन वाढलं तरी पाणी कमी लागलं, हे निव्वळ अंदाजाने कुणी सांगितलं नसतं.

आता सुरुवातीचे "रोज दोन तास" याच्या शेजारी ठेवून बघा. दोन तास म्हणजे २७,००० लिटर. जानेवारीत रोज १६,२०० लिटर पाणी आणि त्याच्यासोबत खतही मुळांच्या खाली निघून गेलं. आणि एप्रिलमध्ये, जेव्हा फळ पोसायचं होतं, तेव्हा रोज ६,७०० लिटर कमी पडलं. पाण्याच्या अशा चढउताराने टोमॅटोला तडे जातात. कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. शेतकरी मग औषध शोधत बसतो, तेही आलटून पालटून.

खरा उपयोग लागवडीच्या आधी

या गणिताचा सगळ्यात मोठा फायदा रोप लावण्याआधीच मिळतो. समजा, तुमच्या अनुभवानुसार एप्रिलमध्ये विहीर दिवसाला २५,००० लिटरच देते. वरच्या हिशोबात एप्रिलला एका गुंठ्याची गरज साधारण ८४० लिटर येते. २५,००० ला ८४० ने भागलं की उत्तर मिळतं ३० गुंठे. म्हणजे एक एकर लावलं तर ऐन फळात दहा गुंठ्यांचं पाणी तुटणार, हे जानेवारीतच कळतं. रोपं, मल्चिंग, बांबू, तार यांचा खर्च व्हायच्या आधी.

हे आकडे कुठे चुकतात?

तक्त्यातला गुणांक ही सुरुवात आहे, अंतिम शब्द नाही. तीन ठिकाणी फरक पडतो.

पहिलं, उघडी जमीन. सुरुवातीचा गुणांक मुख्यतः ओल्या मातीतून उडणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. ड्रिपने जमिनीचा थोडाच भाग ओला होतो, त्यामुळे प्रत्यक्ष गरज आणखी कमी असू शकते. प्लास्टिक मल्चिंग असेल तर एफएओच्या पुस्तिकेनुसार गुणांक साधारण १० ते ३० टक्क्यांनी कमी होतो.

दुसरं, वारा आणि कोरडी हवा. तक्त्यातले आकडे मध्यम वारा आणि मध्यम दमटपणा धरून दिलेले आहेत. झळा सुटणाऱ्या माळरानावर उंच पिकाचा गुणांक थोडा वर जातो.

तिसरं, पाऊस. अवकाळी १२ मिलिमीटर पडला म्हणून १२ मिलिमीटर वजा करायचे नाहीत. जेवढा मुळांच्या थरात मुरला तेवढाच धरायचा. मल्चिंगवरून वाहून गेलेला पाऊस पिकाच्या खात्यात जमा होत नाही.

आणि एक साधी चूक यंत्राची असते. कागदावर ड्रीपर २ लिटरचा, पण क्षाराने अर्धा चोंदलेला. तपासायला एक बाटली पुरते. ड्रीपरखाली १५ मिनिटं धरा, अर्धा लिटर भरायला हवी. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं बघा. शेवटच्या बाटलीत पाव लिटरच आलं, तर हिशोब बरोबर असूनही तिथली झाडं अर्ध्या पाण्यावर आहेत.

शेवटी खात्री माती देते. ड्रीपरजवळ वीतभर खोल उकरून मूठभर माती दाबा. गोळाच होत नसेल तर पाणी कमी पडतंय. हाताला चिखल लागत असेल तर जास्त होतंय. दोन-तीन दिवस सारखं तेच दिसलं, तर गुणांक थोडा वर-खाली करा आणि पुन्हा गुणाकार करा.

तासांचा आकडा त्यानंतर ठरवायचा.