नम्रतेचा कौल कसा वाचावा?

‘यी चिंग’ (आपल्याकडे ‘आय चिंग’ म्हणून ओळखला जाणारा) हा चीनचा प्राचीन ग्रंथ ६४ आकृत्यांवर उभा आहे. प्रत्येक आकृतीत सहा रेघा असतात. अखंड रेघ यांग, मधोमध तुटलेली रेघ यिन. त्यांतली १५ वी आकृती ‘छ्येन’, म्हणजे नम्रता. प्रेमाच्या प्रश्नावर ती आली की विचारणारा हमखास खूश होतो, कारण तिच्या सहाही रेघांवरचे अभिप्राय अनुकूल आहेत आणि असं दुसऱ्या कोणत्याही आकृतीत नाही. पण घाईने वाचली, तर हीच आकृती चकवते.

समजा, एका तरुणाला वाचनालयात येणारी एक अबोल मुलगी मनापासून आवडते. तो तिला बरेच दिवस पाहतो आहे, पण बोललेला नाही. ‘ती हो म्हणेल का?’ असं त्याने विचारलं, तर उत्तर वाचणं अवघड होतं. कोकण-गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा फूल कोणत्या बाजूने पडलं यावरून होकार-नकार कळतो. यी चिंगमध्ये तशी सोय नाही. हा ग्रंथ परिस्थिती दाखवतो आणि तिच्यात विचारणाऱ्याने कसं वागावं ते सांगतो. म्हणून प्रश्न असा हवा : ‘मी तिच्याशी ओळख कशी करून घेऊ?’

तो तीन नाणी सहा वेळा टाकतो. छापाचे ३, काट्याचे २. तिन्ही नाण्यांची बेरीज ७ किंवा ९ आली तर अखंड रेघ, ६ किंवा ८ आली तर तुटलेली. आकृती खालून वर मांडायची. त्याला अनुक्रमे ८, ८, ७, ६, ८, ८ मिळतात. म्हणजे तिसरी रेघ तेवढी अखंड, बाकी पाच तुटलेल्या. खालच्या तीन रेघांचा पर्वत, वरच्या तिनांची पृथ्वी : हीच नम्रता. चौथ्या रेघेला आलेला ६ मात्र ‘बदलती रेघ’ दाखवतो, म्हणून वाचताना तिच्यावर भर द्यायचा.

आधी चित्र पाहू. उंच पर्वत जमिनीखाली आहे. यावरच्या भाष्याचा आशय असा की, जाणता माणूस जास्त आहे तिथलं कमी करतो, कमी आहे तिथे भर घालतो आणि तोलून समतोल साधतो. या तरुणाच्या बाबतीत जास्त काय आहे? त्याच्या मनात साठलेलं. कमी काय आहे? तिला त्याच्याबद्दल असलेली माहिती, जी जवळजवळ शून्य आहे. मनातलं सगळं एकदम तिच्यापुढे ओतलं, तर तो भार तिच्यावर पडेल. तिला त्याची थोडी थोडी ओळख होऊ देणं, हा समतोल.

मग गप्पच राहावं का? इथे चौथी रेघ उत्तर देते. ही रेघ सांगते की नम्रता कृतीत उतरली तर सारं हिताचंच होतं. म्हणजे मागे सरून लपणं ही नम्रता नव्हे. पुढे जायचं, पण मर्यादा सांभाळून.

ती रेघ बदलून अखंड केली की वर मेघगर्जना, खाली पर्वत अशी ६२ वी आकृती होते. तिचा गाभा असा : लहान कामं करावीत, मोठी नकोत, पक्ष्याने उंच न जाता खाली यावं. पाऊल केवढं टाकायचं, ते यातून कळतं. तिच्या हातातल्या पुस्तकाबद्दल दोन वाक्यं बोलावीत आणि आपणच आपल्या जागेवर परतावं. मित्राकरवी निरोप नको, भेटवस्तू नको, चारचौघांसमोर काहीच नको. तिने एका शब्दात उत्तर देऊन नजर पुस्तकात वळवली, तर तिथेच थांबावं. पुढच्या वेळी ती स्वतःहून काही बोलली, तर दुसरं लहान पाऊल टाकता येईल. संकोची माणसाचा नुसता शिष्टाचार होकार समजू नये, हे विशेष सांभाळायला हवं.

सहाही रेघा शुभ, म्हणजे होकार ठरलेला, हा अर्थ आकृतीत कुठेही नाही. ती फक्त त्याच्या वागण्याबद्दल बोलते. त्या मुलीच्या मनात काय आहे, ते नाण्यांत उमटत नाही. उत्तर पुरेसं गोड वाटलं नाही म्हणून पुन्हा नाणी टाकणंही चूक. चौथी आकृती बजावते की पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळतं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला तर नाही.

नम्रतेच्या मुख्य वचनात म्हटलं आहे की जाणता माणूस गोष्ट शेवटास नेतो. इथे शेवट म्हणजे होकारच असं नाही. तिने नको म्हटलं, तर ते एकदाच ऐकून, कारण न विचारता मान्य करणं आणि वाचनालयात तिला अवघडल्यासारखं होणार नाही असं वागणं, हेही तडीस नेणंच आहे.