बाजारनिगडित कर्जरोखे : सहीपूर्वी विचारावयाचे तीन प्रश्न

दादर, परळ, लालबाग येथील अनेक सेवानिवृत्तांची बचत मुदत ठेवींत असते. ठेवीची मुदत संपत आली की बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर ‘मुद्दल सुरक्षित, परतावा निफ्टीनुसार’ असा बाजारनिगडित कर्जरोखा सुचवितो. हा रोखा म्हणजे बँकेची ठेव नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न असा की, पैसे कोणाकडे जाणार? येथे बँक बहुधा केवळ विक्रेता असते. कर्ज घेते ती एखादी वित्त कंपनी. मुद्दलाची हमी त्या कंपनीच्या ऐपतीएवढीच असते. बँक ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण येथे लागू नाही. मुंबईच्या रिलायन्स कॅपिटलच्या अशाच ‘मुद्दल-संरक्षित’ रोख्यांचे पतमानांकन २०१९ मध्ये थकबाकीदर्शक ‘डी’ श्रेणीत उतरले.

दुसरा प्रश्न, निर्देशांक वाढला नाही तर काय मिळेल? समजा, १० लाख रुपये ३ वर्षांसाठी गुंतविले आणि अखेरच्या दिवशी निफ्टी आरंभीच्या पातळीखाली राहिला. अशा वेळी केवळ १० लाखच परत मिळतील. ७ टक्के दराच्या, तिमाही चक्रवाढीच्या ठेवीवर तेवढ्याच काळात सुमारे २ लाख ३१ हजार रुपये व्याज मिळाले असते. ‘सुरक्षित’ मुद्दलाची ही किंमत होय.

तिसरा प्रश्न, मध्येच पैसे लागल्यास काय? रोखा शेअर बाजारात नोंदलेला असला तरी त्यास ग्राहक क्वचितच मिळतो, आणि मिळाला तरी बहुधा कमी भावाने.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात लेखी दाखविली जाईपर्यंत अर्जावर सही करू नये.