पोर्टला नाव काय द्यायचं?

जिल्ह्याच्या गावातलं एक तीन मजली रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात 48 पोर्टचा नेटवर्क स्विच आहे आणि बहुतेक पोर्टमध्ये सारख्याच निळ्या केबली खोचलेल्या आहेत. कुठली केबल कुठे जाते हे बघून कळत नाही, कारण भिंतीत शिरली की केबल दिसेनाशी होते. म्हणून स्विचच्या आतच प्रत्येक पोर्टसाठी एक ओळ लिहायची सोय असते. तिला डिस्क्रिप्शन म्हणतात. ही ओळ स्विच स्वतः वाचत नाही. तिथे चुकीचं लिहिलं तरी माहितीची ये-जा बिनबोभाट चालू राहते. चूक कळते ती कुणीतरी त्या ओळीवर विसंबून काही करतो तेव्हा.

समजा, या स्विचच्या 17 नंबरच्या पोर्टवर `LAB-PRINTER` असं लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेतला प्रिंटर छापत नाही अशी तक्रार येते. तंत्रज्ञ लांबूनच स्विचमध्ये शिरतो आणि पोर्ट बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवतो, कारण अडकलेला प्रिंटर कधीकधी तेवढ्याने सुटतो. तो `shutdown` देतो आणि त्याच क्षणी बाह्यरुग्ण विभागातल्या सगळ्या खिडक्यांवरचे संगणक थांबतात. झालेलं असं, की तीन वर्षांपूर्वी प्रिंटर शेजारच्या खोलीत हलला. रिकाम्या झालेल्या भिंतीतल्या सॉकेटला कुणीतरी आठ पोर्टचा छोटा स्विच लावला आणि नवीन खिडक्या त्यावर जोडल्या. केबलीचं काम दहा मिनिटांत झालं, ओळ मात्र तशीच राहिली. ती कोरी असती तर तंत्रज्ञाने आधी शोध घेतला असता. चुकीच्या ओळीने त्याला तेवढंही करू दिलं नाही.

आधी तपासायचं ठरवलं असतं तर एक आज्ञा पुरेशी होती:

```
show mac address-table interface Gi1/0/17
```

त्या पोर्टमागे कुठली यंत्रं बोलत आहेत, त्यांचे हार्डवेअर पत्ते ही आज्ञा दाखवते. एकट्या प्रिंटरच्या पोर्टवर एकच पत्ता असायला हवा. दहा-बारा दिसले तर मागे बहुधा आणखी एक स्विच आहे. पत्त्याचे पहिले सहा अंक सहसा यंत्राचं नेटवर्क कार्ड कुणी बनवलं ते सांगतात, त्यामुळे तो प्रिंटर आहे की संगणक याचाही अंदाज येतो. एक मर्यादा लक्षात ठेवायची. ही यादी ताजी असते, पण तिची आठवण अल्प असते. बहुतेक स्विचवर पाच मिनिटं गप्प राहिलेलं यंत्र यादीतून गळतं. झोपी गेलेला प्रिंटर दिसला नाही, म्हणून पोर्ट रिकामा आहे असं ठरवू नये.

आता मूळ प्रश्न, त्या ओळीत लिहायचं काय? माझं मत असं, की जे सर्वांत सावकाश बदलतं ते आधी लिहावं. `KULKARNI SIR PC` अशी ओळ लिहिणाऱ्याला त्या दिवशी सोयीची वाटते. पुढे कुलकर्णी सर निवृत्त होतात, त्यांच्या जागी दुसरं कुणी बसतं आणि ओळ, भाडेकरू बदलूनही दारावर राहिलेल्या जुन्या पाटीसारखी, तशीच लटकत राहते. माणसं हलतात, यंत्रंही हलतात, पण भिंतीतलं सॉकेट सहसा हलत नाही. म्हणून सॉकेटवर जो क्रमांक चिकटवलेला असतो तोच ओळीत आधी यावा आणि यंत्राचं नाव त्यानंतर:

```
interface GigabitEthernet1/0/17
 description 2F-LAB-S14 printer
interface GigabitEthernet1/0/48
 description core1 Gi1/0/12 UPLINK
```

दुसरी ओळ मुख्य स्विचकडे जाणाऱ्या केबलची आहे. तिथे पलीकडच्या यंत्राचं नाव आणि त्याचा नेमका पोर्ट, दोन्ही लिहिले आहेत. क्रमालाही अर्थ आहे. `show interfaces status` या रोज वापरल्या जाणाऱ्या आज्ञेत सिस्कोचे अनेक स्विच ओळीची पहिली अठराच अक्षरं दाखवतात. `Uplink to core switch` असं लिहिलं तर पडद्यावर फक्त `Uplink to core swi` उरतं, म्हणजे कामाचं काहीच नाही. आमच्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. ही ओळ व्यवहारात साध्या रोमन अक्षरांतच लिहावी लागते. त्यामुळे एकाच खोलीला कुणी `AUSHADH`, कुणी `OUSHADH`, तर कुणी `PHARMACY` लिहितो, आणि शोधताना एकच सापडतो. लघुनामं एकदा ठरवून कागदावर उतरवलेली बरी.

बाहेरून भाड्याने घेतलेली दूरसंचार लाइन असेल तर तिचा सर्किट क्रमांक ओळीत हवाच, कारण रात्री तक्रार नोंदवताना पलीकडचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो. तो दोन्ही टोकांना लिहावा. लाइन तुटली की दूरच्या टोकाचं यंत्र गाठता येत नाही, आणि क्रमांक फक्त तिथेच असेल तर तो असून नसल्यासारखा.

पहिल्या दिवशी ओळी बहुधा बरोबर असतात. पुढे त्या बिघडतात त्याची कारणं फारशी नाहीत, आणि बहुतेक ठरलेली असतात. एक पोर्ट मेला की घाईत केबल शेजारच्या पोर्टमध्ये खोचली जाते, ओळ मेलेल्या पोर्टवरच राहते. जुना स्विच काढून नवा बसवताना जुन्याची सगळी मांडणी उतरवून घेतात, पण केबली हाताला येतील त्या क्रमाने लावतात. मग एकदम वीस-तीस ओळी खोट्या ठरतात. तिसरं कारण जास्त फसवं आहे. कुणीतरी ओळ दुरुस्त करतो, पण `write memory` द्यायला विसरतो. दुरुस्ती फक्त चालू स्मृतीत राहते. काही महिन्यांनी वीज जाते, बॅटरीही संपते, स्विच पुन्हा उठतो आणि जुनी, चुकीची ओळ परत हजर होते. दुरुस्ती केल्याचं सगळ्यांना आठवत असतं, म्हणून तिकडे कुणी बघतही नाही.

स्विचची मांडणी रोज रात्री आपोआप उतरवून ठेवणारी रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्डसारखी साधनं इथे उपयोगी पडतात. कुठली ओळ केव्हा बदलली आणि केव्हा उलटली, ते या प्रतींच्या फरकातून दिसतं. त्यामुळे बदलाची तारीख आणि करणाऱ्याचं नाव ओळीतच कोंबायची गरज उरत नाही.

खरेपणा मात्र प्रतींतून कळत नाही, तो तारेवरच तपासावा लागतो. एलएलडीपी नावाची एक पद्धत आहे. ती चालू असलेलं यंत्र सहसा दर तीस सेकंदांनी आपलं नाव आणि पोर्ट शेजाऱ्याला कळवत असतं. `show lldp neighbors` ची यादी आणि ओळी शेजारी ठेवणारी छोटी आज्ञावली रात्री चालवली, तर स्विच, राउटर, वाय-फायचे डबे आणि आयपी फोन यांच्या ओळी बऱ्याच अंशी पडताळता येतात. तिने फक्त न जुळणाऱ्या पोर्टची यादी द्यावी. ओळी आपोआप बदलणारी व्यवस्थाही करता येते, पण दोन मुख्य स्विचमधल्या केबलींच्या बाबतीत मी ती करणार नाही. तिथे ओळ आणि तार जुळत नसतील तर चूक ओळीची असेलच असं नाही, केबलच चुकीच्या जागी लागलेली असू शकते. ओळ निमूट बदलली तर तो पुरावाच पुसला जातो.

उरतात ती मुकी यंत्रं, म्हणजे साधे प्रिंटर, हजेरीची यंत्रं, जुने कॅमेरे. त्यांच्यासाठी पायीच जावं लागतं. कामाची गर्दी नसताना एकाने सॉकेटपाशी केबल काढायची आणि दुसऱ्याने कपाटापाशी कुठला दिवा विझतो ते पाहायचं. दिवा 17 चा विझला तर ओळ तिथेच, त्याच वेळी लिहायची आणि `write memory` द्यायचं. रुग्णालयात अतिदक्षता विभागाची सॉकेटं या फेरीतून वगळावीत. तारेवर सूर सोडून तिचा माग काढणारं टोनर वापरतात. तेही सुरक्षित ठरत नाही, कारण टोनर जोडायला केबल सहसा एका टोकाला मोकळी करावी लागते. म्हणून अशा पोर्टची नोंद केबल टाकतानाच, तिथल्या बाईंसमोर करून घेतलेली परवडते.