वास बाटलीला नाही, झाकणाला

मुलाच्या शाळेच्या बाटलीला कुबट वास यायचा. रोज विसळत होतो, दोन-तीन दिवसांनी साबणाने घासतही होतो. स्टील आतून लख्ख होतं. शेवटी झाकणातला रबरी वायसर चमच्याच्या दांड्याने उचकटला, तर खालच्या खाचेत काळे ठिपके आणि बोटाला चिकटणारी बुळबुळ. तेच पाणी ओलांडून लेकरू रोज पीत होतं, याचं फार वाईट वाटलं.

माठ नुसता विसळून भरत राहिलं की आतून निसरडा लागतो, तीच ही बुळबुळ. तोंड लावून प्यायलं की लाळ आणि अन्नाचे कण बाटलीत परत जातात. त्यावर जगणारे जीवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाणी या थरावरून वाहून जातं, थर जागीच राहतो. तो घासूनच काढावा लागतो. काळे ठिपके म्हणजे बुरशी. वायसरखाली ओल सुकतच नाही, म्हणून ती तिथे धरते.

तेव्हापासून मी झाकण आधी सुटं करतो. वायसर काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटं बुडवतो आणि जुन्या टूथब्रशने त्याच्या दोन्ही बाजू आणि खाच घासतो. स्ट्रॉ असेल तर तिच्यासाठी बारीक ब्रश लागतो. बाटलीत लांब दांड्याचा ब्रश तळापर्यंत फिरवायचा. प्लॅस्टिकला तारेची घासणी नको, कारण ओरखड्यांत बुळबुळ पुन्हा लवकर धरते.

घासूनही वास राहिला, तर अर्धा लिटर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा. बोअरच्या पाण्याने तळाशी पांढरा थर बसला असेल तर सोडा उपयोगाचा नाही. तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घालून अर्धा तास ठेवायचं. दोन्ही एकत्र करून झाकण मात्र कधीच लावू नका. आत वायू कोंडतो आणि झाकण उडू शकतं. स्टीलला ब्लीचही नको, त्याने बारीक खड्डे पडतात.

पाण्याची बाटली रोज रात्री साबणाने घासावी आणि आठवड्यातून एकदा वायसर काढावा. चहा, दूध, ताक, सरबत भरलं असेल तर आठवडा थांबायचं नाही. थर्मास रिकामा झाला की त्याच दिवशी वायसरसकट धुवायचा. दुधाचा अंश काही तासांतच आंबतो.

धुतल्यावर बाटली उपडी, झाकण वेगळं, वायसर वेगळा. पावसाळ्यात सकाळपर्यंतही ओल राहते, म्हणून आमच्याकडे आता दोन बाटल्या आहेत, एक शाळेत आणि एक वाळत. खात्री करायची असेल तर रिकामी, कोरडी बाटली रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडून हुंगा. एवढं घासून, सोडा घालूनही वास आला, किंवा वायसरवरचे ठिपके गेले नाहीत, तर वायसर बदलायचा.